पोटाची सोनोग्राफी : अहवाल कसा वाचावा?

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथील एका पंचेचाळीस वर्षांच्या शेतकऱ्याचे उदाहरण कल्पून पाहू. मे महिन्यात दिवसभर उन्हात नांगरट केल्यावर रात्री त्याच्या उजव्या कुशीत तीव्र कळ उठली. कळ पाठीकडून जांघेकडे उतरत होती आणि त्याला एका कुशीवर स्वस्थ पडवत नव्हते. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी झाली. अहवालात मुख्यतः चार गोष्टी होत्या : पित्ताशयात 9 मिलिमीटरचा एक खडा, उजव्या मूत्रपिंडास सौम्य सूज, अपेंडिक्स दिसले नाही, इतर अवयव नॉर्मल. घरच्यांनी पहिले वाक्य वाचून निष्कर्ष काढला, की पित्ताशय काढावे लागणार. हा निष्कर्ष घाईचा होता.

सोनोग्राफीत मानवी कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनींपासून चित्र तयार केले जाते. खडा ध्वनी अडवितो. म्हणून पित्ताशयातील खडा पांढरा ठिपका आणि त्यामागे काळी सावली असा दिसतो. रुग्णाने कूस बदलली की तो बहुधा जागा बदलतो. जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावते, यास्तव ही तपासणी सुमारे सहा तास उपाशीपोटी करतात.

परंतु खडा असणे आणि खड्याने दुखणे या दोन भिन्न गोष्टी होत. पित्ताशयात खडे असलेल्या बहुतेक व्यक्तींना त्यांचा त्रास कधीच होत नाही व अशा मूक खड्यांसाठी सहसा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जात नाही. म्हणून अहवालातील पुढील ओळी पाहाव्या लागतात. पित्ताशयाची भिंत साधारणतः 3 मिलिमीटरपर्यंत जाड असते. ती त्याहून जाड असणे, भोवती पाणी असणे आणि तपासताना तेथेच दाबल्यावर दुखणे ही दाहाची चिन्हे होत. मुख्य पित्तनलिका रुंदावली असेल, तर खडा तिच्यात उतरल्याची शंका येते. या रुग्णाची भिंत 2 मिलिमीटर आणि नलिका 4 मिलिमीटर होती. शिवाय पित्ताशयाची कळ बरगड्यांखाली, पुष्कळदा स्निग्ध जेवणानंतर उठते व उजव्या खांद्याकडे जाते. या रुग्णाची कळ जांघेकडे जात होती.

आता दुसरी ओळ. मूत्रपिंडाची सूज, म्हणजेच अहवालातील ‘हायड्रोनेफ्रोसिस’, हा स्वतंत्र रोग नसून खाली लघवीचा मार्ग तुंबल्याची खूण असते. ओढ्यात बांध घातला की वरचे पाणी फुगते, तसेच हे आहे. बांध मात्र चित्रात दिसेलच असे नाही, कारण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांतील वायूमागे झाकलेला असतो. ‘खडा दिसला नाही’ याचा अर्थ ‘खडा नाही’ असा होत नाही. उलटपक्षी, मूत्राशय फार भरलेले असल्यास किंवा गरोदरपणात अशी सौम्य सूज अडथळ्याविनाही दिसू शकते. म्हणून लघवी करून आल्यावर पुन्हा पाहणे इष्ट असते.

या रुग्णाच्या लघवीत रक्तपेशी आढळल्या आणि सीटी स्कॅनमध्ये मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी 4 मिलिमीटरचा खडा दिसला. एवढे लहान खडे बहुधा आपोआप पडतात. वेदनाशामक औषध घेऊन दोन आठवड्यांत त्याचा खडा पडला. पुढील सोनोग्राफीत सूज ओसरलेली होती. पित्ताशय जागीच राहिले. मात्र सुजेबरोबर थंडी-ताप आला असता, लघवी बंद झाली असती किंवा त्याला एकच मूत्रपिंड असते, तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखल होणे अत्यावश्यक ठरले असते.

राहिला ‘नॉर्मल’ हा शब्द. त्याचा अर्थ एवढाच, की तपासणीच्या वेळी जे अवयव दिसले, त्यांत दोष आढळला नाही. जठरातील व्रण सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. स्वादुपिंड वायूमुळे पुष्कळदा झाकलेले राहते. मूत्रमार्गात खडा अडकून थोडाच वेळ झाला असेल, तर मूत्रपिंड अजून सुजलेले नसते. ‘अपेंडिक्स दिसले नाही’ हे वाक्य अपेंडिक्स निरोगी असल्याचा दाखला नव्हे. वरच्या पोटात दुखून घाम सुटत असेल, तर दोष हृदयाचाही असू शकतो. तेथे पोटाचा नॉर्मल अहवाल उपयोगी नाही, ई.सी.जी. काढावा लागतो.

म्हणून अहवाल हाती आल्यावर तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत : जे आढळले, ते दुखण्याच्या जागेशी व प्रकाराशी जुळते काय? कोणता अवयव नीट दिसला नाही? आणि दुखणे न थांबल्यास केव्हा परत यावे? अहवाल नॉर्मल असूनही पोट कडक होत असेल, ताप चढत असेल किंवा वेदना वाढत असेल, तर कागदापेक्षा रुग्णाच्या प्रकृतीवर विश्वास ठेवून त्यास त्वरित पुन्हा तपासणीस न्यावे.