वजिरांच्या डावअखेरीत राजाची वाटचाल

दोन्ही बाजूंकडे वजीर आणि एका बाजूकडे एक प्यादे जास्त, अशी डावअखेर जिंकायला अवघड असते. प्यादे पुढे सरकवले की आपला राजा उघडा पडतो आणि प्रतिस्पर्धी शहांवर शह देत राहतो. शहांची ही मालिका थांबवता आली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो.

शह टाळण्यासाठी राजाला प्याद्याजवळ कोपऱ्यात नेण्याचा मोह होतो. तिथे मात्र शह मागून, बाजूने आणि तिरके येत राहतात आणि राजाला पळायला घरे उरत नाहीत. म्हणून वजीर आधी पटाच्या मध्यावर आणावा. शक्य असेल तेव्हा तो शह देतच आणावा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्या खेळीत स्वतःचा शह देता येत नाही. मध्यावरचा वजीर शहाची अनेक घरे रोखतो आणि प्याद्यालाही आधार देतो.

त्यानंतर राजाने प्याद्यापासून दूर, प्रतिस्पर्ध्याच्या राजाच्या दिशेने चालावे. दोन्ही राजे एकमेकांजवळ आले, की शहाच्या आड वजीर घालताना बऱ्याचदा उलट शह बसतो. मग वजिरांची अदलाबदल टळत नाही आणि उरलेले प्यादे डाव जिंकते. मिखाईल बोटविन्निक यांनी १९५४ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपियाडमध्ये निकोलाय मिनेव यांच्याविरुद्ध हीच वाट धरली आणि जी-पट्टीतल्या प्याद्याच्या बळावर डाव जिंकला.

एका स्थितीत हे पडताळता येते. पांढऱ्याचा राजा सी५ वर, वजीर डी५ वर आणि प्यादे जी७ वर आहे. काळ्याचा राजा ए४ वर, वजीर एच२ वर आहे आणि खेळी काळ्याची आहे. काळ्याने सी७ वरून शह दिला, तर पांढरा वजीर सी६ वर आड येतो आणि कर्णावरून ए४ वरील राजाला शह बसतो. सी२ वरून शह आला तर वजीर सी४ वर येतो. एफ२ किंवा जी१ वरून आला तर डी४ वर. या दोन्ही घरांवरून चौथ्या रांगेत उलट शह बसतो. आता काळ्याने वजिराने वजीर मारला, तर पांढरा राजा तो परत मारतो आणि प्याद्याचा वजीर होतो. काळ्याने राजा हलवला, तर त्याचा वजीर फुकट जातो. शह न देता दुसरी खेळी केली, तर प्यादे लगेच जी८ वर पोहोचते.

काळ्याचा राजा ए४ ऐवजी ए१ या दूरच्या कोपऱ्यात असता, तर सी६, सी४ ही घरे उलट शहाच्या कामाची राहिली नसती. म्हणूनच बचाव करणाऱ्याने राजा शक्यतो प्याद्यापासून दूरच्या कोपऱ्यात ठेवावा. काठाच्या पट्टीतल्या प्याद्याविरुद्ध असा बचाव बहुधा यशस्वी होतो. मधल्या पट्टीतले किंवा उंटाच्या पट्टीतले प्यादे सातव्या रांगेत पोहोचले असेल, तर जिंकण्याची शक्यता बरीच वाढते. त्यामुळे प्यादे पुढे ढकलण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचा राजा कुठे आहे, हे पाहून आपल्या राजाची वाट ठरवावी.