घोळणा फुटला तर मान मागे नको

घोळणा फुटला की मुलाची मान मागे करायची, डोक्यावर गार पाणी थापायचं, कांदा हुंगवायचा, हा घरोघरचा रिवाज. मान मागे केल्यावर रक्त दिसेनासं होतं खरं, पण ते थांबलेलं नसतं; घशात उतरतं, पोटात जाऊन उलटी होते. बहुतेक वेळा रक्त येतं ते दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून. म्हणून बसवून, किंचित पुढे वाकवून, हाडाखालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावा, श्वास तोंडाने घ्यायला सांगावा. ‘दाबूनही थांबत नाही’ अशी तक्रार असते. बहुधा चिमूट वर हाडावर असते किंवा दर मिनिटाला सोडून पाहिलेलं असतं. घड्याळ लावून सलग 10 ते 15 मिनिटं धरा.

30 मिनिटांनंतरही रक्त चालू राहिलं, घशात सतत उतरत असलं किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तर तडक रुग्णालय गाठा. वारंवार एकाच नाकपुडीतून येणारं रक्त, सोबत नाक चोंदणं, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर उगाच काळे-निळे डाग असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्याच. दोन वर्षांखालच्या बाळाचा घोळणा एकदा फुटला तरी डॉक्टरांना दाखवा.