कनेक्शन बंद, पण शेवटचं बिल?

समजा, खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी बदलून कुणी कर्जतला राहायला गेलं आणि पोस्टपेड ब्रॉडबँड बंद केलं. एवढ्याने सिबिल स्कोअर घसरत नाही, कारण वर्गणी हे कर्ज नव्हे. ओटीटी किंवा जिमचंही तसंच.

अडचण होते ती शेवटच्या ६४० रुपयांच्या बिलाने. ते जुन्या पत्त्यावर जातं आणि राहून जातं. सिबिलच्या अहवालात टेलिकॉम खात्यांसाठी वेगळा प्रकार आहे. कंपनीने थकबाकी कळवली, तर ती तिथे दिसू शकते. वर्गणी क्रेडिट कार्डावरून कापली जात असेल, तर कार्डाची थकबाकी मात्र बँक कळवतेच.

वसुली एजन्सीची नोटीस आली म्हणजे स्कोअर पडलाच, असं नाही. आधी कंपनीकडून अंतिम बिल आणि राउटर परत केल्याची पावती मागावी. रक्कम खरी असेल तर कंपनीच्याच खात्यात भरून ‘थकबाकी नाही’ असा दाखला घ्यावा. एजंटच्या वैयक्तिक क्रमांकावर पैसे पाठवू नयेत.

अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. चुकीची नोंद दिसल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.