१.४३ पट, पण कोणत्या वयात?

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही सिगारेट ओढता का? पुढे त्यांतले कोण कशानं दगावले, याची नोंद वर्षानुवर्षं होत राहिली. पुरुष डॉक्टरांमधल्या हृदयविकाराच्या मृत्यूंचा त्यातलाच एक तक्ता संख्याशास्त्राच्या वर्गात आजही सोडवला जातो. त्यात ओढणाऱ्यांचे मृत्यू ६३०, न ओढणाऱ्यांचे १०१.

नुसत्या या आकड्यांवरून काहीच ठरत नाही, कारण ओढणारे मुळातच खूप जास्त होते. म्हणून व्यक्ति-वर्षं मोजतात. एका माणसावर एक वर्ष लक्ष ठेवलं, की एक व्यक्ति-वर्ष. ओढणाऱ्यांची ती १,४२,२४७ भरली आणि न ओढणाऱ्यांची ३९,२२०. हजार व्यक्ति-वर्षांमागे मृत्यू पडले ४.४ आणि २.६, म्हणजे १.७२ पट. पण न ओढणाऱ्यांत तरुण जास्त होते, तेव्हा यातला काही भाग वयाचाच.

वयाचा हिशेब वेगळा काढायला पॉयसाँ रिग्रेशन लागतं. मृत्यूंची मोजणी शून्याखाली जात नाही, म्हणून दराचा लॉगॅरिदम घेऊन समीकरण मांडतात. व्यक्ति-वर्षांचा लॉगही त्यात जातो, पण त्याचा सहगुणक १ वर बांधलेला असतो. त्यामुळे मोजणीचा दर होतो. आर या भाषेत एवढंच लिहायचं:

```
glm(deaths ~ smoke + age + offset(log(pyears)),
    family = poisson)
```

वयाचे दहा-दहा वर्षांचे पाच गट `age` मध्ये आहेत. सिगारेटसमोर उत्तर येतं ०.३५४. इथेच पुष्कळांची गफलत होते आणि ते ‘३५ टक्के जास्त’ असं वाचतात. हा आकडा लॉगमधला आहे. `exp(0.354)` केलं की १.४३ मिळतात. हे दरांचं गुणोत्तर: एकाच वयोगटातल्या दोघांत ओढणाऱ्याचा मृत्युदर १.४३ पट, म्हणजे ४३ टक्के जास्त. ९५ टक्के विश्वासमर्यादा १.१५ ते १.७६. तिच्यात १ येत नाही, म्हणजे दर सारखेच असतील हे या आकड्यांशी जुळत नाही.

मला मात्र इथे थांबणं धोक्याचं वाटतं. हे समीकरण धरून चालतं, की प्रत्येक वयात पट तीच. पडताळायला त्याचा अंदाज खऱ्या मोजणीशेजारी ठेवायचा. ३५ ते ४४ वयाच्या, न ओढणाऱ्यांत अंदाज सुमारे ७ मृत्यूंचा, झाले २. पंचाहत्तरीपुढच्या गटात अंदाज २१-२२ चा, झाले ३१. चूक दोन्ही टोकांना, आणि उलट दिशांनी.

मग गटागटाचं गुणोत्तर काढून पाहावं. सर्वांत तरुण गटात ५.७, पुढे २.१, १.५, १.४ आणि पंचाहत्तरीनंतर ०.९. पहिला आकडा न ओढणाऱ्यांच्या अवघ्या दोन मृत्यूंवर उभा आहे, त्यामुळे तो डळमळीत आहे. पण उतरण स्पष्ट दिसते. समीकरणात सिगारेट आणि वय यांच्या गुणाकाराचं पद घातलं, की ती उतरण त्यात येते. मग सिगारेटसमोरचा एकटा सहगुणक सगळ्यांचा राहत नाही. तो फक्त ज्या वयोगटाला पाया मानलं, त्याचाच होतो.