“पप्पा, हा माझा नवीन नंबर”: आधी जुना नंबर लावा

नारायणगावच्या टोमॅटोची पट्टी नुकतीच जमा झालीय आणि अनोळखी नंबरवरून मेसेज येतो: “पप्पा, मोबाईल पाण्यात पडला, हा माझा नवीन नंबर. फी आजच भरायचीय, १८,००० मित्राच्या खात्यावर टाका. कॉल करू नका, माईक चालत नाही.” वर फोटो पोराचाच दिसतो. पण फोटो कुणालाही उचलून लावता येतो.

आधी मुलाचा जुना नंबर लावा. त्यानं उचलला, तर विषय तिथंच मिटला. बंद लागला, तरी मेसेज खरा ठरत नाही. रेंज नसेल, चार्जिंग संपलं असेल. मग रूममेटला किंवा होस्टेलला फोन करा.

नव्या नंबरवर खोटा प्रश्न टाका. तुम्हाला मंचरला मावशी नसेल, तर विचारा, “मंचरच्या मावशीला कळवलंस का?” पोरगा म्हणेल, “कुठली मावशी?” ठग म्हणेल, “हो, कळवलं.” जन्मतारीख विचारू नका, ती फेसबुकवर सापडते. उत्तर बरोबर आलं, तरी खात्री होईपर्यंत पैसे टाकू नका.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक सांगा. ठगानं रक्कम काढण्याआधी तक्रार पोचली, तर बँकेला ती खात्यातच रोखता येते. म्हणून सकाळची वाट पाहू नका, आणि तो मेसेज पुसू नका.