नाव असं हवं, जे ऐकून लगेच टाइप करता येईल

मानेसरच्या ज्या सोसायटीत माझी मावशी राहते, तिथे निम्मी कुटुंबं कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे आलेली आहेत. कुणी पुण्याचं, कुणी नाशिकचं, शेजारी रोहतकचे आणि समोर बिहारचे. दोन वर्षांपूर्वी होळीला मावशीने शेजाऱ्यांना पुरणपोळ्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात पैसे देऊन मागणारे फोन सुरू झाले. घरबसल्या व्यवसाय सुरू करायचं ठरलं आणि नावाचा प्रश्न आला. मी कंटेंट लिहिण्याचं काम करते, त्यामुळे तो प्रश्न माझ्याकडे सोपवण्यात आला. पहिल्या फेरीत मी साफ चुकले. तुम्हीही घरून डबे, मसाले किंवा फराळ विकायच्या विचारात असाल तर माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडतील.

मी सुचवलेलं नाव होतं ‘गृहस्वाद’. देवनागरीत छान दिसतं, अर्थही चांगला. इंग्रजी अक्षरांत मी ते gruhaswaad असं लिहिलं, त्याच नावाने इन्स्टाग्रामवर खातं उघडलं आणि डब्यांसाठी ५०० स्टिकर छापून घेतले. महिनाभरात मावशीचा फोन आला, “अगं, लोक म्हणतात तुमचं पान सापडतच नाही.”

ते का सापडत नव्हतं, हे कागदावर मांडल्यावर कळलं. आपण मराठी माणसं ‘गृ’ हे gru असं लिहितो, हिंदी भाषक gri लिहितात. आपलं अमृत Amrut असतं आणि त्यांचं Amrit, तसंच. पुढे ‘ह’नंतर a लावायचा की नाही, हा दुसरा फाटा. ‘स्वाद’मध्ये एक a की दोन, हा तिसरा. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे एका नावाची आठ स्पेलिंग्ज झाली आणि त्यातलं फक्त एक बरोबर. ज्यांना डबा आवडला होता, ते तोंडी दुसऱ्याला नाव सांगत होते आणि दुसरा माणूस उरलेल्या सातांपैकी कुठलं तरी टाइप करत होता.

नाव निवडताना आपण अर्थ बघतो, पण हँडलसाठी आधी अक्षरं बघायला हवीत. मराठी शब्द रोमन लिपीत जिथे फुटतात त्या जागा ठरलेल्या आहेत. ऋ म्हणजे ru की ri. दीर्घ ऊ म्हणजे u की oo, म्हणून तूप हे tup आणि toop दोन्ही होतं. व म्हणजे v की w, म्हणून चवदार, वरण, मावशी हे सगळे शब्द धोक्याचे. ज्ञ आपल्याकडे dny आणि हिंदीत gy. ळ तर हिंदी कानाला ल ऐकू येतो. शिवाय मधला न उच्चारलेला अ आहेच, कुणी भाकरीला bhakri लिहितं, कुणी bhakari. तुमच्या आवडत्या नावात अशी एक जागा असेल तर चालून जातं, दोन किंवा तीन असतील तर ते नाव पाटीसाठी ठेवा, हँडलसाठी नको.

सगळ्यात खात्रीची परीक्षा फोनवरची आहे. पाच जणांना फोन करा, नाव एकदाच उच्चारा, स्पेलिंग सांगू नका आणि त्यांना ते टाइप करून तुम्हाला पाठवायला सांगा. दोन मराठी, दोन हिंदी भाषक आणि एक शाळेत जाणारं मूल असेल तर उत्तम. पाचांपैकी चार उत्तरं अक्षरशः सारखी आली तर नाव पास. ‘गृहस्वाद’ला पाच जणांकडून चार वेगळी स्पेलिंग्ज आली, त्यात माझं एकही नव्हतं! याच बरोबर फोनच्या माइकवर बोलूनही नाव शोधून बघा, कारण बरेच ज्येष्ठ आता टाइप करतच नाहीत.

हरियाणात त्याचा अर्थ काय होतो?

दुसरं नाव माझ्या मावसभावाने सुचवलं, ‘खाऊ कट्टा’. महाराष्ट्रात हे नाव दर दोन गल्ल्यांआड दिसतं. मावशीने ते शेजारच्या हरियाणवी भाभींना सांगितलं तेव्हा त्या आधी दचकल्या आणि मग पोट धरून हसल्या. त्यांच्याकडे ‘कट्टा’ म्हणजे गावठी पिस्तूल! मग मला आवडलेलं ‘दोन घास’ही बाद झालं, कारण हिंदीत घास म्हणजे गवत. आणि आपला शिरा हिंदी कानाला साखरेचा पाक वाटू शकतो. महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर नाव स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पक्कं करू नका. ऑर्डर देणारे सगळेच मराठी नसणार.

शेवटी आम्ही ‘पंगत’ या शब्दावर आलो. pangat लिहायला दुसरा मार्ग जवळपास नाही, आणि उत्तरेत लंगरमध्ये ओळीने बसण्यालाही पंगतच म्हणतात, त्यामुळे अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण इतका चांगला शब्द एकटा मोकळा सापडत नाही. त्याला जोड लागते आणि जोडणीतही एक खाच आहे. ‘पंगत ताई’ केलं तर pangattai होतं, मधले दोन t लोक एकच लिहितात. ‘मानेसर रसोई’मध्ये दोन r एकमेकांना चिकटतात. पहिला शब्द ज्या अक्षरावर संपतो त्याच अक्षरावर दुसरा सुरू होऊ देऊ नका. ‘मानेसर पंगत’मध्ये ही अडचण येत नाही, आणि मानेसरचं स्पेलिंग तर हायवेच्या पाट्यांवर रोज दिसतं. (मावशीचं खरं नाव मी इथे थोडं बदललं आहे, घडण तीच आहे.)

गावाचं नाव जोडल्याने एक बंधन येतं, उद्या पुण्याला परतलात तर ते निरुपयोगी होईल. मावशीचे डबे पाच-सहा किलोमीटरच्या बाहेर जात नाहीत, म्हणून आम्ही ते मान्य केलं. तुमचा मसाला कुरियरने चार राज्यांत जाणार असेल तर गाव टाळा. एकाच पदार्थाचं नावही टाळा, मोदक नावात असेल तर चकलीची ऑर्डर द्यायला लोक विचारात पडतात.

सगळीकडे तेच नाव बसेल का?

इथे प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. इन्स्टाग्राम ३० अक्षरं देतं आणि टिंब व अंडरस्कोअर चालवून घेतं. फेसबुकवर टिंब चालतं, अंडरस्कोअर नाही. जीमेलमध्ये अंडरस्कोअर चालत नाही, टिंब तर मोजलंच जात नाही आणि किमान सहा अक्षरं लागतात. एक्सवर फक्त १५ अक्षरं मिळतात आणि टिंब चालत नाही. म्हणजे सगळीकडे हुबेहूब तेच नाव हवं असेल तर एकच वाट उरते, सलग छोटी इंग्रजी अक्षरं, सहा ते पंधरा. manesarpangat मध्ये १३ आहेत.

नाव मिळालं नाही की मधे टिंब घालण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. पण इन्स्टाग्रामवर टिंबाचं खातं आणि बिनटिंबाचं खातं ही दोन वेगळी खाती असतात. तुम्ही टिंबाचं घेतलंत तर तुमचं नाव ऐकून आलेला ग्राहक बिनटिंबाच्या माणसाकडे पोहोचतो. शेवटी आकडा लावण्याचंही तसंच, कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यापेक्षा जोडशब्द बदला.

आणखी एक सोय बरेच जण वापरत नाहीत. इन्स्टाग्रामवर हँडल वेगळं आणि प्रोफाइलवर ठळक दिसणारं नाव वेगळं असतं, आणि शोधताना तेही उपयोगी पडतं. म्हणून हँडल छोटं ठेवून त्या नावात ‘मानेसर पंगत, Puran Poli’ असं लिहा. देवनागरी चालते. पूरणपोळीची दुसरी स्पेलिंग्ज, Pooran Poli वगैरे, खालच्या परिचयात येऊ द्या. हे ठळक नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं, त्यामुळे कागदावर ठरवूनच भरा.

नाव पक्कं करण्याआधी एक संध्याकाळ शोधण्यात घाला. गूगल, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूबवर नाव टाका. मग ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी साइटवर, ipindia.gov.in वर, मोफत शोध घ्या. तिथे फोनेटिक नावाचा पर्याय आहे, तो सारखी ऐकू येणारी नावंही दाखवतो. पोळ्या, मिठाई आणि मसाले वर्ग ३० मध्ये, लोणची २९ मध्ये आणि डबा किंवा केटरिंग सेवा ४३ मध्ये येते. ‘पंगत’सारखा शब्द जेवणाच्या धंद्यात अनेकांना सुचतो. वीस-पंचवीस डब्यांच्या स्वयंपाकघरासाठी आम्ही गावाची जोड पुरेशी मानली. पण पाकिटं भरून दूरवर विकायची असतील तर गाव आणि पदार्थाचं साधं वर्णन यांच्या बळावर ट्रेडमार्क मिळवणं अवघड जातं, तिथे अगदी आपला असा शब्द शोधावा लागतो आणि वकिलाला विचारलेलं बरं.

नाव मोकळं दिसलं की त्याच बैठकीत सगळं घ्या. आधी जीमेल, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्यावरून परत मिळतात. मग इन्स्टाग्राम, फेसबुक पान, यूट्यूब. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणार नसलात तरी नाव राखून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्येही तेच नाव भरा, ऑर्डरी शेवटी तिथेच येतात. एफएसएसएआय नोंदणी करताना अर्जात तेच स्पेलिंग द्या आणि मिळालेला १४ अंकी नंबर स्टिकरवर नावाशेजारी छापा.

एक गोष्ट आमच्याही उशिरा लक्षात आली. क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे देणाऱ्याला बँक खात्यावरचं नाव दिसतं. डब्यावर एक नाव आणि फोनवर मावशीचं माहेरचं नाव, कारण खातं लग्नाआधीचं! दोन ग्राहकांनी पैसे पाठवायचे थांबवून आधी फोन केला. आता मावशी ऑर्डर घेतानाच संदेश पाठवते, ‘पैसे पाठवताना अमुक नाव दिसेल.’ व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडलं की हेही लागणार नाही.

छपाई सगळ्यात शेवटी. इन्स्टाग्रामवरचं हँडल नंतर बदललं तर स्टिकरवर छापलेला जुना दुवा उघडत नाही, आणि सोडलेलं नाव पुढे दुसरं कुणीही घेऊ शकतं. मावशीने या वेळी फक्त १०० स्टिकर घेतले. जुन्या ५०० पैकी उरलेले साडेतीनशे तिने स्वयंपाकघरातल्या डाळींच्या डब्यांवर उलटे चिकटवले आहेत, मागच्या पांढऱ्या बाजूवर पेनाने तूरडाळ, हरभराडाळ असं लिहून.