साठवण म्हणजे काळातली वाहतूक

युरियाचा कारखाना वर्षभर जवळपास एकाच गतीने चालतो, कारण अमोनियाचे संयंत्र वारंवार थांबवणे आणि सुरू करणे खर्चिक व जोखमीचे असते. शेताची मागणी मात्र पावसाच्या आगमनाशी बांधलेली असल्यामुळे ती खरिपाच्या मोजक्या आठवड्यांत एकदम उसळते आणि नंतर ओसरते. उत्पादनाची सपाट रेषा आणि मागणीचा उंचवटा यांच्यामधली दरी मुख्यतः रेल्वे व गोदाम या दोन साधनांनी भरून काढता येते. त्यामुळे कोणत्या आठवड्यात किती माल रवाना करावा आणि किती कोठे थांबवून ठेवावा, हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. ते एकत्र सोडवण्यासाठी गणितज्ञांनी जी आकृती घडवली तिला कालविस्तारित जाळे म्हणता येईल.

साध्या वाहतूक-जाळ्यात प्रत्येक ठिकाणासाठी एक बिंदू असतो आणि दोन ठिकाणांना जोडणाऱ्या प्रत्येक मार्गासाठी एक बाण असतो. बाणावर वहनखर्च आणि त्या मार्गाची कमाल क्षमता लिहिलेली असते. या जाळ्यात काळाला जागा नसते, कारण त्यातला नाशिकचा बिंदू सोमवारचाही असतो आणि पुढच्या महिन्याचाही. कालविस्तारित जाळ्यात प्रत्येक ठिकाणाच्या, जितके आठवडे विचारात घ्यायचे तितक्या प्रती काढल्या जातात, म्हणजे एका ठिकाणाची एक आडवी ओळ होते आणि प्रत्येक स्तंभ एका आठवड्याचा असतो. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाणारा तिरका बाण म्हणजे वाहतूक. तो जितके स्तंभ ओलांडतो तितके आठवडे प्रवासाला लागतात. एकाच ओळीत, एका आठवड्याच्या प्रतीकडून त्याच ठिकाणाच्या पुढच्या आठवड्याच्या प्रतीकडे जाणारा आडवा बाण म्हणजे साठवण: माल जागचा हलत नाही, पण काळात एक पाऊल पुढे जातो. अशा बाणाला साठवणीचा बाण म्हणावे. त्याचा खर्च म्हणजे एक आठवडा माल ठेवण्याचे भाडे, विमा आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज, आणि त्याची क्षमता म्हणजे गोदामाची जागा. एवढे केल्यावर साठवणीसाठी वेगळे गणित उरत नाही, कारण प्रत्येक बिंदूपाशी एकच नियम पाळायचा असतो: त्या आठवड्यात जेवढे आत आले तेवढेच बाहेर गेले पाहिजे, मग ते विक्रीच्या रूपाने जावो, रवानगीच्या रूपाने जावो किंवा पुढच्या आठवड्याच्या साठ्याच्या रूपाने.

या कल्पनेचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फुल्कर्सन यांना जाते. त्यांचा यासंबंधीचा शोधनिबंध १९५८ मध्ये आणि जाळ्यांतील प्रवाहांवरचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरावीक काळात एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जास्तीत जास्त किती माल पोहोचवता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. मार्गांच्या क्षमता काळानुसार बदलत नसतील तर वाटेत कोठेही माल थांबवण्याची गरज पडत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. खताच्या नियोजनात हा निष्कर्ष लागू पडत नाही, कारण तिथे माल कोणत्या आठवड्यात उपलब्ध होतो आणि कोणत्या आठवड्यात लागतो हे दोन्ही ठरलेले असते. त्यामुळे जे आडवे बाण त्यांच्या प्रश्नात अनावश्यक ठरले, ते इथे सर्वांत महत्त्वाचे होतात.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहिल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. रायगड जिल्ह्यातल्या थळ येथील कारखान्यातून अकोल्याच्या रेक पॉइंटवर युरिया पाठवायचा आहे असे समजावे. पुढचे आकडे केवळ समजावणीसाठी गृहीत धरलेले आहेत. मोजण्याचे एकक आहे रेक, म्हणजे साधारण ४२ बंदिस्त वाघिणींची एक पूर्ण मालगाडी, जिच्यात अडीच हजार टनांच्या आसपास, म्हणजे ४५ किलोच्या पन्नास हजारांहून अधिक गोणी मावतात. अकोल्यासाठी कारखान्यात पहिल्या तीन आठवड्यांत दर आठवड्याला ३ आणि चौथ्या आठवड्यात २ रेक माल तयार होतो. भरणे, प्रवास आणि उतरवणे मिळून एका आठवड्यात भरलेली रेक पुढच्या आठवड्यात हाती येते. अकोल्याची मागणी दुसऱ्या आठवड्यात १, तिसऱ्यात २, चौथ्यात ५ आणि पाचव्यात ३ रेक आहे. म्हणजे उत्पादन आणि मागणी दोन्ही ११. रेल्वे एका आठवड्यात ४ पेक्षा जास्त रेक देऊ शकत नाही. एक रेक माल आठवडाभर ठेवण्याचा खर्च थळला १ लाख रुपये आणि अकोल्याच्या भाड्याच्या गोदामात २ लाख रुपये आहे, शिवाय अकोल्याच्या गोदामात २ रेकच मावतात. एका रेकचे भाडे २० लाख रुपये.

आकृती न काढता हा प्रश्न हाताळणारा माणूस सहसा दोनपैकी एका वाटेने जातो. पहिली वाट अशी की ज्या आठवड्यात जेवढे लागेल तेवढेच त्याच्या आदल्या आठवड्यात पाठवावे: १, २, ५, ३. ही योजना तिसऱ्या आठवड्यात अडते, कारण ५ रेक हव्या असताना रेल्वे ४ देते आणि ऐन गरजेच्या वेळी एक रेक खत कमी पडते. दुसरी वाट अशी की माल तयार होईल तसा काढून द्यावा: ३, ३, ३, २. त्यात तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस अकोल्यात ६ रेक आलेल्या असतात व ३ खपलेल्या असतात, म्हणजे २ रेकच्या गोदामासमोर ३ रेक माल उभा राहतो. तेव्हा वाघिणी वेळेत रिकाम्या झाल्या नाहीत तर डेमरेज आणि माल धक्क्यावर पडून राहिला तर वार्फेज, असे रेल्वेचे दंडवजा आकार भरावे लागतात, आणि उघड्यावर पावसात भिजलेल्या युरियाचे ढेकूळ होते ते वेगळेच.

जाळ्यावर सोडवलेले उत्तर आहे १, ३, ४, ३. थळच्या आडव्या बाणांवरून पहिल्या आठवड्यातून दुसऱ्यात २ रेक, दुसऱ्यातून तिसऱ्यात २ आणि तिसऱ्यातून चौथ्यात १ रेक पुढे सरकते. अकोल्याच्या आडव्या बाणांपैकी फक्त तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यामधल्या बाणावरून एक रेक जाते. थळच्या साठवणीचे ५ लाख आणि अकोल्याच्या साठवणीचे २ लाख मिळून ७ लाख रुपये होतात. वाहतुकीचे २२० लाख कोणत्याही योजनेत तेवढेच राहतात. हे उत्तर सर्वांत स्वस्त आहे याची खात्री आकृतीतल्या बंद वळशांवरून करता येते. तिसऱ्या आठवड्यात अकोल्याला पोहोचणाऱ्या ३ रेकपैकी एक जर दुसऱ्याऐवजी पहिल्याच आठवड्यात पाठवली, तर ती थळच्या आडव्या बाणाऐवजी अकोल्याच्या आडव्या बाणावरून जाईल, म्हणजे १ लाख वाचतील आणि २ लाख वाढतील. ज्या योजनेत असा खर्च घटवणारा एकही वळसा सापडत नाही ती योजना किमान खर्चाची असते, हा या शास्त्रातला सिद्ध झालेला निकष आहे, आणि संगणकाच्या अनेक पद्धतीही मूलतः अशाच वळशांचा शोध घेत पुढे जातात.

या उत्तराबरोबर प्रत्येक बिंदूची एक छायाकिंमत मिळते, म्हणजे त्या ठिकाणी, त्या आठवड्यात आणखी एक रेक हवी असल्यास एकूण खर्च कितीने वाढेल हे सांगणारा आकडा. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते जाळ्याचा खरा लाभ रवानगीच्या वेळापत्रकापेक्षा या आकड्यांत आहे. थळच्या पहिल्या आठवड्याची किंमत शून्य धरली तर थळची किंमत पुढे दर आठवड्याला १ लाखाने वाढत जाते, कारण तिथे दर आठवड्याला साठा पुढे नेला जातो. अकोल्यात मात्र ती दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यांत अनुक्रमे २०, २१, २३ आणि २३ लाख येते. ज्या आठवड्यांदरम्यान अकोल्यात साठा ठेवला गेला, तिथे किंमत नेमकी साठवणखर्चाइतकी, म्हणजे २ लाखांनी चढली. जिथे साठा ठेवला गेला नाही, तिथली चढण त्याहून कमी, शेवटच्या टप्प्यात तर शून्य आहे. गोदाम काठोकाठ भरलेले असते तर ही चढण साठवणखर्चापेक्षाही जास्त निघू शकली असती, आणि तो जादा भाग म्हणजे आणखी एका रेकच्या जागेसाठी किती भाडे देणे परवडेल त्याचे माप ठरले असते.

तिसऱ्या आठवड्याच्या रेल्वेच्या बाणावर असेच घडते. थळच्या तिसऱ्या आठवड्याची किंमत २ लाख आणि अकोल्याच्या चौथ्या आठवड्याची २३ लाख, म्हणजे अंतर २१ लाखांचे, पण भाडे फक्त २० लाख. उरलेला १ लाख हे त्या आठवड्यात रेल्वेने आणखी एक रेक दिल्यास वाचणारे पैसे आहेत, आणि पडताळून पाहिले तर १, २, ५, ३ ही योजना मग शक्य होते व साठवणीचा खर्च ७ वरून ६ लाखांवर येतो. अकोल्याचे गोदाम वाढवण्याचा प्रस्ताव समोर असेल तर हीच आकृती सांगते की या आकड्यांत त्याचे मोल शून्य आहे, कारण तिथली २ रेकची मर्यादा कोठेही गाठलीच जात नाही.

आकृतीचे दोष मात्र तिच्या कडांवर दिसतात. उदाहरणातल्या योजनेत पाचव्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही ठिकाणचा साठा शून्य होतो, कारण आकृतीपुरते जग तिथेच संपते आणि शेवटच्या स्तंभापलीकडे माल नेण्याचे काही कारण गणिताला ठाऊक नसते. वरखताचे डोस देण्याचे दिवस पुढेच असतील तर ही योजना धोकादायक असते. शेवटच्या आठवड्यात साठा ऐन शून्यावर येणे ही या दोषाची ओळखखूण आहे. त्यावरचा उपाय म्हणजे शेवटच्या बिंदूंवर किमान साठ्याची अट घालणे, किंवा त्या साठ्याला पुढच्या मागणीचा अंदाज घेऊन किंमत देणे, आणि त्याशिवाय योजनेतला फक्त पहिला आठवडा अंमलात आणून नव्या माहितीसह आकृती दर आठवड्याला पुन्हा काढणे.

दुसरी अडचण स्तंभांच्या रुंदीची आहे. तीन दिवसांचा प्रवास त्याच आठवड्यातला धरला तर शनिवारी भरलेली रेक कागदावर शनिवारीच पोहोचते, आणि पुढच्या आठवड्यातला धरला तर सोमवारी भरलेली रेकही विनाकारण आठवडाभर वाटेत राहते. स्तंभ दिवसांचे केले की ही चूक घटते, पण ५० गोदामांच्या वर्षभराच्या आकृतीत २,६०० ऐवजी १८,२५० बिंदू होतात. एकाच वस्तूच्या प्रश्नासाठी हा आकार आजच्या संगणकाला जड नाही.

एकाच वस्तूच्या जाळ्याला आणखी एक वरदान असते: सर्व क्षमता, पुरवठा आणि मागणी पूर्णांकात असतील तर पूर्णांकातले किमान खर्चाचे उत्तर हमखास असते, म्हणूनच वरच्या योजनेत वेगळी अट न घालताही अर्धी रेक कोठे आली नाही. युरियाबरोबर डीएपी आणि पोटॅश ही खते त्याच ४ रेकच्या मर्यादेत बसवायची ठरली की ही हमी सुटते, कारण तीन जाळी एका सामाईक क्षमतेने एकमेकांत गुंततात आणि उत्तरात दीड रेक युरिया व अर्धी रेक डीएपी असे अपूर्णांक उतरू शकतात. ते अपूर्णांक जवळच्या पूर्ण संख्येत बदलून घेणे पुरत नाही, कारण तसे करताना कधी रेल्वेची मर्यादा ओलांडली जाते तर कधी एखाद्या आठवड्याची मागणी अपुरी राहते. अशा वेळी पूर्णांकाची अट उघडपणे घालून, एकेका अपूर्णांकावर वरचा व खालचा असे दोन फाटे करत उत्तर शोधावे लागते, आणि गणनेचा वेळ तिथून वाढू लागतो.